सूचनापेटी दुसऱ्या महिन्यात रिकामी का होते? उधन्याच्या लूम खात्याचा हिशोब

उधना (सूरत) : नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून सूरतेला जाणारी गाडी नवापूर ओलांडून पुढे निघाली की डब्यातल्या बऱ्याच जणांचा मुक्काम ठरलेला असतो, उधना. खानदेशातली किती तरी घरं उधना, लिंबायत, पांडेसरा या पट्ट्यात पोटापाण्यासाठी गेलेली आहेत. कुणी लूमवर, कुणी डाईंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये, कुणी पॅकिंगला. सोबतीला ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहारचे कारीगर. कामातली बारीकसारीक अडचण या माणसांना पाठ असते. कोणत्या लूमवर धागा जास्त तुटतो, कोणत्या कोपऱ्यात उजेड कमी आहे, कशासाठी दिवसभर फुकटची पायपीट होते, हे शेठच्या आधी कारीगराला कळतं.

मग हे त्यांच्याकडूनच का विचारून घेऊ नये? सूचनापेटीची कल्पना इथूनच निघाली. पण ज्यांनी अशी पेटी लावून पाहिली त्यांना एक गोष्ट माहीत असते. पहिल्या महिन्यात चिठ्ठ्या भरभरून येतात, दुसऱ्यात चार-दोन, आणि तिसऱ्या महिन्यात पेटीवर धूळ बसते. दोष सहसा कारीगरांना दिला जातो, ‘यांना काही पडलेलं नाही’ म्हणून. खरं कारण वेगळं आहे.

लूममधूनच निघालेली गोष्ट

या विषयात जगभर ज्या कंपनीचं नाव सगळ्यात आधी घेतात, ती टोयोटा. आज ती मोटारींसाठी ओळखली जाते, पण तिचं मूळ लूममध्ये आहे. साकिची टोयोडा यांनी 1924 साली जो स्वयंचलित माग पूर्ण केला, त्यात ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. मोटारीचा धंदा त्यानंतरचा.

सूचना योजना सुरू झाली 1951 मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, 1950 साली, कंपनी बुडायच्या बेतात होती. कामगार कमी केले गेले, मोठा संप झाला आणि अध्यक्षांना पद सोडावं लागलं. त्याच वर्षी एइजी टोयोडा अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघायला गेले आणि तिथली कामगारांच्या सूचना घेण्याची पद्धत त्यांनी परत येऊन सुरू केली.

सुरुवात काही थाटाची नव्हती. कंपनीच्या नोंदींवर आधारलेल्या युझो यासुदा यांच्या पुस्तकात आकडे दिले आहेत. पहिल्या वर्षी आल्या फक्त 789 सूचना. शंभरातल्या आठ कामगारांनी भाग घेतला आणि शंभरातल्या 23 सूचना मान्य झाल्या. 1986 साली हाच आकडा 26 लाखांच्या वर गेला होता, म्हणजे माणशी जवळपास 48. भाग घेणारे शंभरात 95 आणि मान्य होणाऱ्या सूचना शंभरात 96.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. हे एका महिन्यात झालेलं नाही, पस्तीस वर्षं लागली. आणि शंभरातल्या 96 सूचना मान्य होतात याचा अर्थ त्या फार मोठ्या नव्हत्या. बहुतेक सूचना आपल्याच हाताखालच्या कामाबद्दल होत्या आणि मुकादमाशी बोलून तिथेच करून बघता येतील अशा होत्या. बक्षिसंही बहुतेक किरकोळच असत.

आणखी एक तारीख महत्त्वाची आहे. 1962 मध्ये टोयोटाची कंपनी आणि कामगार संघटना यांनी एकत्र जाहीरनामा काढला. उत्पादन वाढवायचं आणि कामगारांची नोकरी व परिस्थितीही सांभाळायची, असं दोघांनी मिळून लिहून दिलं. सूचनांचा मोठा पूर त्यानंतर आला. संपाच्या आठवणी ताज्या असताना कोण सांगणार होतं की ‘साहेब, हे काम तिघांऐवजी दोघांत होईल’?

उधन्यातली खरी अडचण : मीटरचा दर

हीच गाठ उधन्याच्या लूम खात्यातही आहे, फक्त तिचं रूप वेगळं. इथे बारा तासांची पाळी आणि पगार मीटरवर. एक कारीगर आठ-दहा-बारा लूम सांभाळतो. जितकं कापड निघेल तितके पैसे.

वरवर पाहिलं तर सूचनेसाठी ही पद्धत उत्तम वाटते. कापड वाढलं तर कारीगराचेही पैसे वाढतील. पण कारीगराच्या डोक्यात दुसरा हिशोब चालू असतो. कापड वाढल्याचं दिसलं की शेठ मीटरमागे पाच-दहा पैसे कमी करेल, किंवा म्हणेल, ‘बाराऐवजी चौदा लूम घे.’ असं एकदा झालं तर अख्ख्या खात्यात बातमी पसरते आणि पेटी कायमची बंद पडते. पेटी भिंतीवर राहते, पण चिठ्ठी येत नाही.

म्हणून योजना सुरू करायच्या आधी एक कागद लागतो. त्यात तीन ओळी पुरेत. सूचनेमुळे वाढलेल्या कापडाचं कारण सांगून वर्षभर मीटरचा दर कमी होणार नाही. सूचनेमुळे माणशी लूम वाढणार नाहीत. सूचनेमुळे कुणाचं काम जाणार नाही, फार तर दुसऱ्या जागेवर जाईल. हा कागद मराठी, हिंदी, गुजराती आणि ओडियात लावायचा आणि शेठने सही करून वाचून दाखवायचा. ज्याला हे लिहून देता येत नसेल त्याने पेटी लावू नये. पेटीचा खर्च वाचेल आणि विश्वासही तुटणार नाही.

एक सूचना, पहिल्यापासून शेवटपर्यंत

आता एक उदाहरण सोडवून पाहू. आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत, पण साध्या धोट्याच्या लूमला ते जुळणारे आहेत.

समजा खात्यात 48 लूम आहेत. एका पाळीला चार कारीगर, प्रत्येकाकडे 12 लूम. धोट्यातली कांडी साधारण वीस मिनिटांत संपते. कांडी संपली की लूम थांबतो, कारीगर नवी कांडी घालून परत चालू करतो. भरलेल्या कांड्यांची पेटी ओळीच्या टोकाला ठेवलेली असते. एक कारीगर सांगतो, ‘दर दोन लूममध्ये एक छोटा ट्रे लटकवा, मला टोकापर्यंत जावं लागणार नाही.’

लूम पाळीत प्रत्यक्ष दहा तास चालला असं धरलं तर एका लूमवर 30 वेळा कांडी बदलते. बारा लूमवर 360 वेळा. प्रत्येक वेळी 10 सेकंद वाचले तर 3,600 सेकंद, म्हणजे एका लूमचा एक तास. लूम मिनिटाला 150 धागे भरतो आणि कापडात इंचाला 60 धागे आहेत, असं धरलं तर तासाला 3.8 मीटर कापड निघतं.

म्हणजे एका कारीगरामागे पाळीला पावणेचार मीटरच्या आसपास. महिन्याचे 26 दिवस धरले तर सुमारे 100 मीटर. मीटरला 2 रुपये दर असेल तर कारीगराला महिन्याला 200 रुपये जास्त आणि दर पाळीला एक तासाची पायपीट कमी. दोन पाळ्यांचे आठ कारीगर धरले तर शेठला महिन्याला 800 मीटर कापड जादा. चोवीस ट्रे, 50 रुपयांचा एक, म्हणजे सगळा खर्च 1,200 रुपये.

इथे बरेच जण घाई करतात आणि सगळीकडे एकदम ट्रे लावतात. तसं करू नये. आधी एकाच कारीगराच्या बारा लूमला सहा ट्रे लावायचे, खर्च 300 रुपये. ट्रे धक्क्याने हलतो का, कांडी खाली पडते का, धोट्याच्या वाटेत काही येतं का, हे आठवडाभर बघायचं. ही सूचना ज्याने दिली त्याच्याच लूमवर आधी करायची, कारण चुकलं तर ते सुधारायची इच्छा त्यालाच सगळ्यात जास्त असते.

मोजायचं कसं, तेही नीट ठरवा

फायदा झाला का, हे बघायला मेहताजी सहसा मीटरची वही उघडतो. या सूचनेसाठी वहीचा उपयोग नाही. बारा लूमचं रोजचं कापड साधारण 440 मीटर धरलं, तर पावणेचार मीटर म्हणजे शंभरात एकही नाही. सूत जरा खराब आलं किंवा अर्धा तास लाइट गेली तरी त्याहून जास्त फरक पडतो. वहीत काहीच दिसणार नाही आणि चांगली सूचना ‘फायदा नाही’ म्हणून बाद होईल.

त्यापेक्षा घड्याळ लावा. ट्रे लावायच्या आधी वीस वेळा कांडी बदलताना किती सेकंद लूम थांबला ते लिहा, लावल्यावर परत वीस वेळा लिहा. दोन्हींची सरासरी काढली की उत्तर मिळतं. प्रत्येक वेळी साधारण अर्धा तास लागतो. कारीगर स्वतःच हे लिहू शकला तर आणखी बरं, कारण मग आकड्यावर वाद होत नाही.

मोठा फरक अपेक्षित असेल, जसं एखाद्या धोट्याची कड घासून गुळगुळीत केल्यावर ताणा तुटायचं प्रमाण कमी होणं, तर आठवडाभर शेजारच्या बारा लूमशी तुलना करावी. दोन्हीकडे सूत तेच, लाइट तीच, हवा तीच. फरक पडला तर तो सूचनेचाच असेल, असं बऱ्यापैकी सांगता येतं.

पहिल्या महिन्यातल्या तक्रारी

पहिल्या महिन्यात येणाऱ्या चिठ्ठ्यांमध्ये सुधारणा कमी आणि तक्रारी जास्त असतात. पिण्याचं पाणी गरम आहे, संडासाला दार नाही, पंखा बंद आहे, पगार चार दिवस उशिरा होतो. पेटी उघडणारा म्हणतो, ‘या काय सूचना आहेत?’ आणि सगळं बाजूला टाकतो. योजना मरते ती बहुतेक इथेच.

कारीगर खरं तर परीक्षा घेत असतो. सांगितलेलं कुणी ऐकतं का, हे तो आधी साध्या गोष्टीवर तपासतो. पंख्याचं ऐकलं नाही तर कांडीच्या ट्रेचं कशाला सांगायचं? म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत पंखा, पाणी, उजेड असली तीन-चार कामं करून टाकायची. अमेरिकेत कोडॅक कंपनीने 1898 साली सूचना योजना सुरू केली, तेव्हा पहिलं बक्षीस मिळालं खिडक्यांच्या काचा धुवायच्या सूचनेला. बक्षीस होतं दोन डॉलर. काच धुतली की उजेड वाढतो, उजेड वाढला की दोष दिसतो. लूम खात्यातल्या धुळकट ट्यूबलाइटचंही तसंच आहे.

पगाराची तक्रार मात्र वेगळ्या वहीत जायला हवी. ती हक्काची गोष्ट आहे, सूचना नाही. ती सूचनांच्या रांगेत अडकवून ठेवली तर दोन्ही बिघडतात.

उत्तर किती दिवसांत?

योजना टिकते की नाही हे सगळ्यात जास्त एका गोष्टीवर ठरतं : सांगितल्यापासून उत्तर मिळेपर्यंत किती दिवस गेले. बक्षिसाची रक्कम त्यानंतर येते. म्हणून कुलूपबंद पेटीपेक्षा भिंतीवरचा फळा बरा. फळ्यावर चार रकाने करायचे : आलं, बघतोय, करून बघतोय, झालं. नाही म्हणायचं असेल तर पाचवा रकाना, आणि त्यापुढे कारण. प्रत्येक ओळीत नाव आणि तारीख. नाव लिहायला कुणी घाबरत असेल तर नाव नको, पण तारीख हवीच. एक छोटी पेटी बाजूला राहू द्यावी, मास्टरविरुद्ध काही सांगायचं असेल त्यांच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी ‘मिळालं’ एवढं तरी सांगायचं. आठ दिवसांत हो, नाही किंवा करून बघू. नाही असेल तर फळ्यावर लिहून भागत नाही, मास्टरने त्या माणसाला चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगायचं की का नाही, आणि काय बदललं तर होईल. कारण सांगून दिलेला नकार माणूस पचवतो आणि पुढच्या वेळी जास्त नेमकं सांगतो. काहीच न बोलता गेलेले आठ दिवस मात्र तो विसरत नाही.

सूरतेत एक अडचण नेहमीची आहे. शेठ दिवसभर रिंग रोडच्या मार्केटमध्ये असतो आणि खात्यात फक्त मास्टर. दोनशे रुपयांच्या पट्टीसाठीही शेठला विचारायचं तर आठ दिवस सहज जातात. म्हणून मास्टरला एका सूचनेमागे, समजा 500 रुपयांपर्यंत, न विचारता खर्च करू द्यावा. वरच्या उदाहरणातले सहा ट्रे त्यात बसतात. सगळ्या खात्याचे 1,200 रुपये शेठकडे जातील, पण तोपर्यंत हातात घड्याळाचे आकडे असतील.

लिहिण्याचीही अडचण असते. लूमच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही आणि सगळ्यांना लिहिता येतंच असं नाही. आठवड्यातून एकदा पाळी बदलताना पंधरा मिनिटं बाहेर बसून बोलावं आणि मास्टरने सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्यावं. या पंधरा मिनिटांचे पैसे द्यायला हवेत. मीटरवर काम करणाऱ्याला फुकट बसवलं तर तो दुसऱ्या आठवड्यापासून येणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

बक्षीस लहान, पण लगेच

‘वाचलेल्या रकमेच्या दहा टक्के देऊ’ अशी घोषणा ऐकायला चांगली वाटते. पण मग किती वाचलं याचा हिशोब महिनाभर चालतो, कल्पना आधी कुणाची यावर भांडण लागतं, आणि ज्याचा फायदा पैशात मोजता येत नाही अशी सूचना, जसं पाय घसरू नये म्हणून तेल पुसायची सोय, कुणी देतच नाही. त्यापेक्षा अमलात आलेल्या प्रत्येक सूचनेला सारखी छोटी रक्कम, त्याच आठवड्यात, सगळ्यांसमोर द्यावी. दोघांनी मिळून केली तर दोघांनाही तेवढीच.

माणशी महिन्याला इतक्या सूचना हव्यातच, असा कोटाही लावू नये. कोटा लावला की महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत ‘झाडू जागेवर ठेवावा’ अशा चिठ्ठ्यांचा ढीग येतो. आकडा फुगतो, खात्यात काही बदलत नाही.

काही गोष्टी रांगेत थांबत नाहीत

आठ दिवसांचा नियम सुरक्षिततेला लागू नाही. उघडी वायर, धोटा उडून लागू नये म्हणून असलेली जाळी सैल होणं, हे त्याच पाळीत थांबवून बघायचं. उलट, ‘जाळी काढली तर काम लवकर होतं’ अशी सूचना आली तर ती करून बघायचीच नाही. मिलमधला बॉयलर, लाइटची फिटिंग, रसायनांचं प्रमाण यातली सूचना जाणकार माणसाने तपासल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि सुताचा दर्जा, मार्केटमधला भाव, लाइट जाणं या गोष्टी खात्यातल्या सूचनेने सुटत नाहीत. तसं स्पष्ट सांगितलेलं बरं.

जिवंत आहे की नाही, कसं ओळखाल?

महिनाअखेरीला किती सूचना आल्या, हे मोजून फारसं कळत नाही. तीन प्रश्न विचारा. या महिन्यात किती वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं? त्यातल्या किती जणांनी दुसऱ्यांदा सांगितलं? आणि मान्य झालेल्यांपैकी किती खरोखर झाल्या? दुसऱ्यांदा सांगणारे वाढत असतील तर पहिल्या वेळचं उत्तर त्यांना पटलं आहे. तीच तीन नावं दर महिन्याला दिसत असतील, किंवा ‘बघतोय’चा रकाना भरत चालला असेल आणि ‘झालं’चा हलत नसेल, तर योजना आतून थांबली आहे असं समजायचं.

होळी, दिवाळी आणि लग्नसराईत अर्धं खातं गावी जातं. कुणी खानदेशात, कुणी ओडिशात. परत येणारे सगळे जुनेच असतील असं नाही. गावी गेलेल्याचं नाव फळ्यावरून पुसू नये. त्याची सूचना झाली असेल तर बक्षीस राखून ठेवावं किंवा पाठवावं. आणि नवा कारीगर आला की पहिल्या पंधरवड्यातच त्याला विचारावं, ‘आधीच्या खात्यात हे कसं करायचे?’ दुसऱ्या खात्यात काय बरं होतं, हे त्याला तेव्हा स्पष्ट दिसत असतं. दोन महिने गेले की इथली पायपीटही त्याच्या सवयीची होते आणि मग ती सांगण्यासारखी वाटत नाही.